काव्यातील भाववाहक वस्तू

काव्यात एखादी नेहमीच्या वापरातली वस्तू, म्हणजे झिजलेली वहाण, भिंत, अंथरूण किंवा भांडे, अशा रीतीने येते की बोलणारी व्यक्ती आपल्या किंवा दुसऱ्याच्या भावनेचे नाव एकदाही घेत नाही आणि तरीही ती भावना वाचकापर्यंत पोहोचते. अशा वस्तूला येथे भाववाहक वस्तू म्हटले आहे. कालिदासाच्या शाकुंतलातील अंगठी या प्रकारात बसत नाही, कारण ती ओळख पटवणारी खूण आहे आणि तिचे काम कथानक पुढे नेण्याचे आहे. कमळासारखे रूढ संकेतही वेगळे, कारण त्यांचा अर्थ कवितेच्या आधीच ठरलेला असतो. भाववाहक वस्तूला असा अर्थ आधीपासून चिकटलेला नसतो. तो त्या कवितेतच, त्या वस्तूचे काय केले गेले यातून, तयार व्हावा लागतो.

या रीतीची फार जुनी आणि अतिशय नेमकी उदाहरणे माहाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीत सापडतात. सुमारे सातशे सुट्या गाथांच्या या संग्रहाच्या संकलनाचे श्रेय परंपरेने सातवाहन राजा हाल याला दिले जाते. त्यातली एक गाथा अशी आहे :

अज्जं गओ त्ति अज्जं गओ त्ति अज्जं गओ त्ति गणरीए ।
पढम व्विअ दिअहद्धे कुड्डो रेहाहिं चित्तलिओ ॥

‘आज गेला, आज गेला, आज गेला’ असे मोजता मोजता तिने पहिल्या अर्ध्या दिवसातच भिंत रेघांनी भरून टाकली, एवढाच तिचा अर्थ. प्रवासाला गेलेल्या नवऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या स्त्रीने दिवसामागे एक रेघ भिंतीवर ओढावी, ही रीत येथे गृहीत धरलेली आहे. गाथेत बिघडले आहे ते नेमके हेच मोजमाप. ‘आज गेला’ हे वाक्य दिवसातून एकदाच म्हणायचे, त्यामुळे त्याची रेघही एकच व्हायला हवी. पण तिच्या मनातून ते वाक्य सरत नाही. ती पुन्हा ते म्हणते आणि पुन्हा रेघ ओढते. दुपार व्हायच्या आत भिंतीवर इतक्या रेघा झाल्या आहेत की तो गेल्याला किती दिवस झाले हे आता त्यांवरून कुणालाच सांगता येणार नाही. दुःख, विरह, आसवे, यांतला एकही शब्द गाथेत नाही. नायिकेच्या तोंडचे म्हणून जे काही आहे ते ‘आज गेला’ एवढेच, आणि तेही केवळ वृत्तकथन आहे. बाकीचे तिला पाहणारी कुणी व्यक्ती सांगते आहे आणि तीही तिच्या मनाविषयी काही न बोलता भिंतीचीच हकिगत सांगते.

‘विरहाने व्याकूळ होऊन तिने अर्ध्या दिवसात भिंत रेघांनी भरली’ असे वाक्य करून पाहिले की वस्तूचे काम किती होते ते कळते. आता व्याकुळता आधीच सांगून झाली आहे आणि रेघा त्या विधानाचा पुरावा म्हणून मागाहून येतात. मूळ गाथेत चुकलेल्या हिशेबावरून वाचक स्वतःच त्या व्याकुळतेपर्यंत पोहोचत होता. हे काम येथे त्याच्याकडून काढून घेतले गेले आहे.

त्याच संग्रहातील दुसरी एक गाथा याच भिंतीला पावसात उभी करते. वादळाने छपराचे गवत उडवून नेले आहे, भोकांतून पाण्याच्या धारा आत लोटत आहेत आणि ती स्त्री भिंतीवर लिहिलेले, त्याच्या परतीच्या मुदतीचे दिवस दोन्ही तळव्यांनी झाकून राखते आहे. घरातले धान्य, अंथरूण, चूल यांचा गाथेत उल्लेखही नाही. एवढ्या पडझडीत तिने राखायला काय निवडले, हे सांगून गाथा संपते. प्रस्तुत लेखकाच्या मते या दोहोंत ही गाथा वरचढ आहे, कारण पहिलीत थोडी गंमतही आहे, तर येथे पाणी आणि तळवे यांच्यापलीकडे काहीच नाही.

असे का घडते याची मीमांसा नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात केली. त्याचा युक्तिवाद साधा आहे. भावनेचे नाव न घेताही, योग्य परिस्थिती आणि योग्य वर्तन वर्णिले असेल तर तिचा प्रत्यय येतो. आणि नुसते नाव घेतले, पण परिस्थिती व वर्तन दाखवले नाही, तर प्रत्यय येत नाही. म्हणून प्रत्यय देणारे कारण नाव हे नव्हे. काव्यशास्त्रात या परिस्थितीला विभाव आणि वर्तनाला अनुभाव म्हणतात. रेघा ओढणे किंवा तळव्यांनी झाकणे हे अनुभाव आहेत आणि ते ज्या वस्तूवर उमटले ती वस्तू म्हणजे भिंत. इंग्रजी समीक्षेत टी. एस. एलियटने १९१९ साली हॅम्लेटवरील निबंधात वस्तुनिष्ठ सहसंबंधाची, म्हणजे भावना जागवणाऱ्या वस्तू, परिस्थिती किंवा घटना मांडूनच ती व्यक्त करता येते ही, कल्पना मांडली, तीही या विचाराच्या जवळ जाणारी आहे.

अकराव्या शतकातील मम्मटाने काव्यप्रकाशात रसदोषांची यादी देताना भावाला त्याच्या स्वतःच्या नावाने सांगणे हा पहिला दोष मानला. त्याला लागूनच त्याने उलट बाजूचा दोष ठेवला : विभाव आणि अनुभाव इतके संदिग्ध असणे की ते कशाचे आहेत हे वाचकाला ओढूनताणून कल्पावे लागावे. आधुनिक कवितेत हा दुसरा दोषच जास्त आढळतो. ‘कोपऱ्यात जुनी वहाण’ एवढेच लिहून कवी थांबतो आणि दारिद्र्य, वार्धक्य, मृत्यू, स्थलांतर यांपैकी हवे ते निवडायला वाचक मोकळा राहतो.

वस्तू अशी मोकळी सोडली तर काय होते याचा दाखला चित्रकलेच्या चर्चेत मिळतो. व्हिन्सेंट व्हॅन गॉखने १८८६ साली पॅरिसमध्ये झिजलेल्या बुटांचे चित्र काढले. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर याने त्यात शेतकरीण, तिचे ओले शेत आणि तिचे कष्ट पाहिले. कलेतिहासकार मेयर शापिरो याने १९६८ साली आक्षेप घेतला की हे बूट तेव्हा शहरात राहणाऱ्या चित्रकाराचे स्वतःचेच आहेत. चित्रात बूट कुणाचे आणि त्यांचे काय केले जाते हे सांगणारा कुणी नसल्याने बुटांच्या झिजेला दोघांनीही आपापला मालक दिला. चित्राला ते खपून जाते, पण दोनचार ओळींच्या कवितेला तेवढी मोकळीक सहसा परवडत नाही. म्हणून कवितेत नुसती झीज पुरत नाही, त्या वस्तूशी कुणाचा तरी व्यवहार चालू असलेला दिसावा लागतो. अंगठा दोनदा शिवलेली कोल्हापुरी वहाण फक्त काटकसर दाखवते. पण घालणारा माणूस घरात राहिलेला नसताना तीच वहाण कुणी रोज केर काढताना उचलून पुन्हा दाराशी सरळ करून ठेवत असेल, तर ओढूनताणून काही कल्पावे लागत नाही.

नाव घेऊच नये, असा सरसकट नियम मात्र मम्मटानेही केलेला नाही. क्षणिक भावांच्या बाबतीत तो अपवाद मान्य करतो आणि रत्नावली नाटिकेच्या नांदीतील, औत्सुक्याने घाई करणाऱ्या आणि लज्जेने मागे फिरणाऱ्या पार्वतीचा श्लोक उदाहरण म्हणून देतो. घाई भीतीनेही होते. तेव्हा नुसती घाई दाखवून औत्सुक्य निश्चित कळले नसते, म्हणून तेथे शब्द वापरणे योग्यच ठरते. जेथे एकच वर्तन अनेक भावनांना सारखेच लागू पडते आणि जवळपास दुसरा कोणताही तपशील निवाडा करत नाही, तेथे वस्तूवर विसंबण्यापेक्षा भावनेचे नाव घेतलेले बरे, असा या अपवादाचा व्यवहारातला अर्थ आहे.