आमच्या नावातील एक शब्द बदलत आहे

सप्रेम नमस्कार,

येत्या गुढीपाडव्यापासून नौपाड्यातील आमच्या दुकानाच्या पाटीवर आडनावापुढे 'इलेक्ट्रिकल्स'ऐवजी 'जलशुद्धी सेवा' हे शब्द दिसतील. दुकान विकलेले नाही, मालक बदललेले नाहीत आणि आपल्या घरी येणारे कारागीरही तेच आहेत. पंखे आणि मिक्सरच्या दुरुस्तीपासून सुरुवात झाल्यामुळे तो जुना शब्द नावात आला. पण आता आमचे जवळजवळ सगळे काम पाण्याच्या फिल्टरचे आहे, आणि तरीही घोडबंदर रोडवरून कोणी वायरिंगसाठी फोन केला की नकार देताना आम्हालाच अवघडल्यासारखे होते.

जुन्या बोधचिन्हातील टांगलेल्या बल्बची बाह्यरेषा आम्ही मुद्दाम ठेवली आहे. आतली तार काढून वरचे टोक निमुळते केले, तेव्हा त्याच आकृतीचा पाण्याचा थेंब झाला. हिरवा रंगही तोच आहे. दुकानांच्या मराठी पाट्यांविषयीच्या २०२२ च्या कायदेदुरुस्तीनंतर इंग्रजी पाटीवर देवनागरी पट्टी जोडून आम्ही वेळ निभावली होती. नव्या पाटीवर मात्र मूळ नावच देवनागरीत आहे.

आपल्याकडील जुने कार्ड बदलून घेण्याची आवश्यकता नाही. समजा, आपला वार्षिक देखभाल करार दिवाळीत झाला असून चारपैकी दोन भेटी झाल्या आहेत, तर उरलेल्या दोन भेटी त्याच कार्डावर नोंदवल्या जातील. कारागिराच्या सदऱ्यावर नवे नाव आणि कार्डावर जुने नाव असले, तरी तो करार खंडित होत नाही. बदललेल्या मेंब्रेनची आम्ही दिलेली हमी कार्डावरील मूळ तारखेपासूनच मोजली जाईल. यंत्राची हमी उत्पादक कंपनीची असल्यामुळे तिचा आमच्या नावाशी संबंधच येत नाही.

पैसे देताना मात्र काही काळ दोन नावे दिसतील. पॅन तोच असल्याने बिलावरील जीएसटी क्रमांक बदलणार नाही, केवळ व्यापारी नावाची दुरुस्ती होईल. बँकेतील खात्याचे नाव त्या दुरुस्तीचा कागद दिल्यानंतर बदलेल, म्हणून तोपर्यंत यूपीआयवर आपल्याला जुनेच नाव दिसेल आणि ते बरोबर आहे. गृहनिर्माण संस्थांनी धनादेशही आमचे लेखी पत्र मिळेपर्यंत जुन्याच नावाने काढावेत.

खाते क्रमांक आणि दूरध्वनी क्रमांक बदललेले नाहीत. त्यामुळे "नाव बदलले, आता या नव्या खात्यात पैसे भरा" असा फोन किंवा संदेश आल्यास तो आमचा नाही असे समजावे, पैसे पाठवू नयेत आणि आपल्या जुन्या कार्डावर छापलेल्या क्रमांकावर आम्हाला कळवावे.