व्ह्यूजचं रिग्रेशन : शीर्षक, वेळ आणि व्हिडिओची लांबी

यूट्यूबवरच्या व्हिडिओला किती व्ह्यूज आले याचा संबंध शीर्षक किती लांब, व्हिडिओ किती वाजता टाकला आणि तो किती मिनिटांचा या तीन गोष्टींशी कसा दिसतो, ते एका समीकरणात बसवायची ही पद्धत. पाठ्यपुस्तकांत हिला समाश्रयण म्हणतात, काही ठिकाणी प्रतिगमनही लिहिलेलं सापडतं, पण बोलताना सगळे रिग्रेशनच म्हणतात आणि इथंही तेच वापरलंय. उदाहरण विदर्भातल्या गावातून चालणाऱ्या शेतीच्या चॅनलचं घेतलंय, कापसाची पऱ्हाटी, सोयाबीन, तूर आणि बाजारभाव असे विषय असलेलं, कारण या पद्धतीची मर्यादा तिथं फार स्पष्ट दिसते.

उगम

या पद्धतीच्या मुळाशी "लघुतम वर्ग" आहे, म्हणजे अंदाज आणि खरा आकडा यांतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल अशी रेघ शोधणं. ही युक्ती पहिल्यांदा कोणाला सुचली यावर जुना वाद आहे. छापील पुरावा लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाचा, १८०५ चा, धूमकेतूंच्या कक्षांवरच्या लेखनाला जोडलेल्या परिशिष्टात. जर्मन गणितज्ञ गाऊसनं १८०९ मध्ये स्वतःचं मांडताना, आपण हे १७९५ पासून वापरतोय असं लिहिलं आणि लजांद्र दुखावला. मधेच १८०८ च्या सुमारास अमेरिकेत एड्रेन यानंही स्वतंत्रपणे काही मांडलेलं दिसतं. गाऊस खोटं बोलला असं म्हणायला आधार नाही, त्यानं वापरलं असणं शक्य आहे, पण वापरणं वेगळं आणि दुसऱ्याला वापरता येईल असं सांगणं वेगळं, म्हणून छापील मान लजांद्रकडे ठेवणं जास्त बरं वाटतं.

"रिग्रेशन" हा शब्द मात्र या दोघांचा नाही, तो गाल्टन या इंग्रज संशोधकाचा. त्यानं आधी वाटाण्याच्या बियांवर आणि मग १८८६ च्या लेखात २०५ कुटुंबांतल्या ९२८ मोठ्या झालेल्या मुलांच्या उंचीवर काम केलं, आणि फार उंच आईबापांची मुलं सरासरीकडे परत सरकतात हे दाखवलं. परत सरकणं म्हणजे रिग्रेशन. आज आपण व्ह्यूजवर जे करतो त्यात परत सरकण्याचा थेट संबंध उरलेला नाही, फक्त नाव चिकटून राहिलंय.

आपल्या कामाचा खरा पूर्वज यूल हा ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ वाटतो. अनेक कारणं एकाच समीकरणात घालायची रीत त्यानं १८९७ च्या आसपास बसवली आणि १८९९ मध्ये इंग्लंडमधल्या गरिबांना मिळणाऱ्या मदतीवर ती लावली. त्याच लेखाच्या एका तळटीपेत त्यानं बजावलं की जिथं "यामुळे" असं लिहिलंय तिथं काटेकोरपणे "याच्या सोबतीनं" असं वाचावं. पुढं जे सांगायचंय ते सगळं त्या तळटीपेतच आलंय.

मोजणी

समीकरण बसवण्यापेक्षा आकडे गोळा करण्यात जास्त घोळ होतो.

व्ह्यूज हे आजपर्यंतचे एकूण घेतले तर दोन वर्षं जुना व्हिडिओ आपोआप पुढं दिसतो. म्हणून प्रत्येक व्हिडिओचे पहिल्या ७ दिवसांचेच व्ह्यूज घ्यावे.

वेळेचं तर फारच फसवं आहे. यूट्यूबच्या एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रॅम लिहून माहिती मागवायच्या सोयीतून, व्हिडिओची वेळ `publishedAt` या नावानं येते, ती आपल्या घड्याळाची नसते, यूटीसी या जागतिक वेळेची असते, तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. संध्याकाळी ७ ला टाकलेला व्हिडिओ तिथं `13:30` दिसतो, आणि पहाटे ५ ला टाकलेला `23:30` दिसतो आणि तोही आदल्या तारखेला, म्हणजे साडेपाच तास न मिळवता कोणी हिशोब केला तर पहाटेचे सगळे व्हिडिओ "रात्रीचे" होऊन बसतात. शिवाय तास हा सरळ आकडा म्हणून समीकरणात घालू नये, कारण मग २३ आणि ० हे एकमेकांपासून सगळ्यात लांबचे ठरतात, खरं तर त्यांच्यात एकाच तासाचं अंतर आहे. व्हिडिओ थोडे असतील तर सकाळ आणि संध्याकाळ असे दोन गट पुरतात.

शीर्षकाची लांबी मराठीत मोजणं हे वेगळंच प्रकरण आहे आणि याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. "पऱ्हाटी" वाचताना तीन अक्षरं, प, ऱ्हा, टी. पण संगणकाच्या `len()` ला विचाराल तर तो ७ सांगतो, कारण तो काना, वेलांटी, हलंत सगळं सुटं मोजतो. त्यात आणखी गंमत अशी की हा ऱ्ह दुसऱ्या कीबोर्डवरून र ला नुक्ता लावून किंवा मधे न दिसणारा जोडक टाकून आलेला असू शकतो, तेव्हा तोच शब्द ८ भरतो, डोळ्यांना मात्र काही फरक दिसत नाही. नुक्त्याचा घोळ एनएफसी नॉर्मलायझेशननं, म्हणजे एकच अक्षर एकाच ठरलेल्या रूपात आणण्यानं, मिटतो, जोडकाचा मिटत नाही, तो स्वतः काढावा लागतो. दिसणारी अक्षरं मोजणारी साधनंही आहेत, पण जुन्या नियमाचं साधन ऱ् आणि हा तोडून ४ मोजतं आणि २०२३ च्या युनिकोड १५.१ चा नियम पाळणारं ३ मोजतं. इंग्रजी शब्द मिसळलेलं शीर्षक आणि पूर्ण मराठी शीर्षक यांची तुलना `len()` नं केली तर मराठी शीर्षक उगाच लांब ठरतं, आणि मग "लांब शीर्षकाला व्ह्यूज कमी" असा जो निकाल निघतो तो कदाचित फक्त "मराठी शीर्षकाला व्ह्यूज कमी" एवढाच असतो.

व्हिडिओच्या लांबीबद्दल थोडंच. शॉर्ट्स वेगळे काढावेत. ऑक्टोबर २०२४ पासून ते ३ मिनिटांपर्यंत असू शकतात, आणि ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला किंवा परत फिरला तरी व्ह्यू धरला जातो, त्यामुळे त्यांचे व्ह्यूज आणि लांब व्हिडिओचे व्ह्यूज ही एकाच मापाची गोष्ट राहिलेली नाही.

बसवणं आणि वाचणं

व्ह्यूज थेट घालू नयेत, त्यांचा लॉग घालावा. चाळीस व्हिडिओंत एखादाच तुफान चालतो, आणि फरकांचे वर्ग होत असल्यामुळे तो एकटा अख्खी रेघ आपल्याकडे ओढतो.

```python
import numpy as np, pandas as pd
import statsmodels.formula.api as smf

d = pd.read_csv("videos.csv")
d["lv"] = np.log(d["views7"])
m = smf.ols("lv ~ title10 + evening + minutes", data=d).fit()
print(m.summary())
```

इथं `title10` म्हणजे शीर्षकाची अक्षरं भागिले १०, `evening` म्हणजे संध्याकाळी टाकला असेल तर १ नाहीतर ०.

आता एक उदाहरण, आकडे समजावण्यासाठी रचलेले. ४० व्हिडिओ, २० सकाळचे आणि २० संध्याकाळचे. संध्याकाळचा गुणक, म्हणजे समीकरणात `evening` ला मिळालेला आकडा, ०.४८ आला आणि त्याची प्रमाण त्रुटी, म्हणजे तो आकडा किती हलू शकतो याचं माप, ०.२३. लॉग उलटवला की ०.४८ म्हणजे १.६२ पट, म्हणजे संध्याकाळच्या व्हिडिओला साधारण ६२ टक्के जास्त. इथं बहुतेक जण थांबतात आणि उद्यापासून संध्याकाळीच टाकायचं ठरवतात. पण ९५ टक्क्यांचा पल्ला, म्हणजे खरा गुणक बहुधा ज्यात असेल ती हद्द, काढला तर तो ०.०१३ ते ०.९४७ येतो, म्हणजे १ टक्का जास्तपासून ते अडीच पटीच्याही वर, आणि एवढ्या रुंद पल्ल्यात काहीही बसतं. शीर्षकाचा गुणक −०.१२, त्रुटी ०.०९, म्हणजे दर १० अक्षरांमागं २६ टक्के कमीपासून ६ टक्के जास्तपर्यंत, दिशाही पक्की नाही. मिनिटांचंही तसंच. आर-स्क्वेअर, म्हणजे व्ह्यूजच्या लॉगमधल्या चढउताराचा समीकरणानं समजावलेला वाटा, ०.१९, आणि उरलेल्या फरकांचं प्रमाण विचलन ०.७. याचा अर्थ समीकरणानं नव्या व्हिडिओला ८०० व्ह्यूज सांगितले तर खरा आकडा निदान १९० ते ३३०० यात कुठंही पडू शकतो. भाकितासाठी हे समीकरण वापरूच नये.

खरी अडचण

विदर्भात शेतीच्या व्हिडिओचं नशीब वावरातल्या दिवसांवर ठरतं. जून-जुलैत पेरणी, पुढं फवारणी, बोंडं भरायच्या दिवसांत गुलाबी बोंडअळी. २०१७ च्या हंगामात या अळीनं इथल्या कापसाचं जे केलं ते ज्यांनी पाहिलं ते बोंडअळीचं नाव शीर्षकात दिसलं की व्हिडिओ उघडतातच. आणि असे व्हिडिओ बनतात कसे, तर दिवसभर वावरात फिरून अळी लागलेली बोंडं फोडून शूट करायचं, घरी येऊन कापाकापी करायची आणि संध्याकाळी टाकायचं. निवांत विषयांचे व्हिडिओ आदल्या दिवशी तयार करून सकाळी टाकले जातात. म्हणजे वेळ आणि विषय हे एकत्र चालतात, आणि समीकरणाला विषय माहीतच नाही.

वरच्याच उदाहरणात पाहू. संध्याकाळच्या २० पैकी ९ व्हिडिओ बोंडअळीचे, सकाळच्या २० पैकी फक्त २. आता `topic` नावाचा चौथा रकाना घातला, बोंडअळी असेल तर १. त्याचा गुणक ०.९७ येतो, म्हणजे विषयानंच २.६ पट, आणि संध्याकाळचा गुणक ०.४८ वरून ०.१४ वर उतरतो. तो ०.३४ गेला कुठं हे हातानं तपासता येतं : दोन्ही गटांतल्या बोंडअळीच्या वाट्यातला फरक म्हणजे ०.४५ वजा ०.१०, तो ०.३५, त्याला ०.९७ नं गुणलं की बरोबर ०.३४ भरतो (शीर्षक आणि मिनिटं बाजूला ठेवून). म्हणजे संध्याकाळच्या नावावर जे श्रेय जमा होतं त्यातलं बहुतेक बोंडअळीचं होतं. उरलेल्या ०.१४ ची त्रुटी ०.२०, पल्ला २३ टक्के कमी ते ७३ टक्के जास्त.

हे लपलेलं कारण आहे हे ओळखायचं कसं? सुटलेली गोष्ट समीकरण स्वतःहून दाखवत नाही, पी-व्हॅल्यू, म्हणजे काहीच परिणाम नसताना असा आकडा योगायोगानं येण्याची शक्यता, कितीही छान आली तरी. एक साधा उपाय आहे, उरलेले फरक तारखेप्रमाणे मांडून बघायचे. हंगामाच्या दिवसांत ते सगळे वर आणि उन्हाळ्यात सगळे खाली असे झुंडीनं दिसले तर समीकरणाबाहेर काहीतरी मोठं राहिलंय. जिथं शेतीची लाईन पाळीपाळीनं दिवसा आणि रात्री येते तिथं रात्रपाळीत कास्तकार मोटर चालू करून वावरातच फोन बघत बसतो, तेही या वेळेच्या रकान्यात गुपचूप मिसळतं. मात्र सगळंच रकान्यात घालायला गेलं तर ४० व्हिडिओ पुरत नाहीत, एका रकान्यामागं निदान दहा-पंधरा तरी असावेत असा ढोबळ दंडक आहे.

वेळेचाच परिणाम हवा असेल तर व्हिडिओ तयार झाल्यावर नाणं उडवून सकाळ की संध्याकाळ ठरवावं, विषय कोणताही असो. तेव्हा वेळ आणि विषय यांची गाठ सुटते. पण त्यालाही व्हिडिओ लागतात. विषय धरल्यानंतर उरणारं विचलन ०.५७ असेल तर ६२ टक्क्यांचा फरक ओळखायला प्रत्येक गटात साधारण २३ पुरतात, आणि २० टक्क्यांचा ओळखायचा असेल तर प्रत्येक गटात साधारण १५७ लागतात. आठवड्याला दोन व्हिडिओ टाकणाऱ्या चॅनलला ती तीन वर्षं होतात.