ताळेबंदातला आकडा म्हणजे विक्रीची किंमत नव्हे

"ताळेबंदात मशीन सात लाखांचं दाखवलंय, पण बाजारात चारच लाख मिळतात. म्हणजे हिशेब खोटा."

तसं नसतं. तुर्भ्यातल्या एखाद्या वर्कशॉपने 10 लाखांचं लेथ घेतलं आणि ते 10 वर्षं चालेल असं धरलं, तर वापरामुळे किंमत कमी होते म्हणून दरवर्षी 1 लाख घसारा जातो. तीन वर्षांनी 7 लाख उरतात. ही न वापरलेली किंमत आहे, विक्रीची नाही. धंदा पुढेही चालणार, म्हणजे 'गोइंग कन्सर्न', हे त्यामागचं गृहीतक. लेथ उरलेल्या वर्षांत निदान तेवढं कमावून देणार असेल, तर आज चारच लाख मिळतात याने बिघडत नाही. वर्कशॉप बंद करायचं ठरलं, की मात्र विक्रीतून हाती काय येईल तेच पाहावं लागतं.

विकायच्या मालाला सावधगिरीचा नियम आहे. 2 लाखांच्या मालाचे दीडच लाख येणार असतील, तर दीडच दाखवायचे. अडीच येणार असले तरी विकेपर्यंत दोनच.

खात्री करायची तर ताळेबंदामागच्या टिपा वाचा. गोइंग कन्सर्न किंवा सातत्य, म्हणजे दरवर्षी हिशेबाची तीच पद्धत, पाळलं नसेल, तर तसं तिथे लिहावंच लागतं. घसाऱ्याची पद्धत बदलली का, हेही जरूर पाहा. नुसत्या त्या बदलानेही नफा फुगलेला दिसू शकतो.