डे-केअर केमो सुरू करताय? फॉर्म २ आधी, पहिली व्हायल नंतर

जिल्ह्याच्या नव्हे, तालुक्याच्या गावातल्या रुग्णालयांतही आता आठवड्यातून दोन दिवस केमो दिली जाते. पुण्या-मुंबईचे हेलपाटे वाचतात, म्हणून रुग्ण खूश असतात. रुग्णालयाकडे नोंदणी असते, कचरा नेणाऱ्या संस्थेशी करार असतो आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र भिंतीवर फ्रेममध्ये लावलेले असते. त्यामुळे वेगळा अर्ज कशाला, असे सगळ्यांनाच वाटते. मीही औषधनिर्माता म्हणून पहिल्यांदा केमोच्या कपाटाची चावी हातात घेतली तेव्हा असेच समजत होतो.

तो समज चुकीचा आहे. जैव वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 नुसार, प्राधिकारपत्र मिळाल्यानंतर कचऱ्याच्या निर्मितीत, हाताळणीत किंवा विल्हेवाटीत बदल झाला, तर तो मंडळाला कळवावा लागतो आणि अटी बदलून घेण्यासाठी फॉर्म २ नव्याने भरावा लागतो. केमो सुरू करणे हा असाच बदल आहे, कारण केमोची, म्हणजे पेशीनाशक, औषधे लागलेल्या कचऱ्याची विल्हेवाट नेहमीच्या कचऱ्यापेक्षा वेगळी ठरवून दिलेली आहे.

सगळे अडते ते 1200 अंशांवर

नियमांच्या पहिल्या अनुसूचीत पेशीनाशक औषधे पिवळ्या गटात येतात. त्यांचा स्पर्श झालेली प्रत्येक वस्तू आणि काचेच्या किंवा प्लास्टिकच्या व्हायल-अँप्युल्सही त्याच गटात. हा कचरा उत्पादकाला किंवा पुरवठादाराला परत करायचा, नाहीतर 1200 अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात जाळायचा. डब्यात सिमेंटसारख्या पदार्थाने पक्के बंद करणे आणि प्लाझ्मा पायरोलिसिस हे आणखी दोन मार्ग आहेत.

गंमत अशी की, सामाईक कचरा केंद्रातल्या नेहमीच्या भट्टीसाठी हेच नियम पहिल्या कक्षात किमान 800 आणि दुसऱ्या कक्षात 1050 अंश, पन्नास कमी-जास्त, एवढेच तापमान मागतात. म्हणजे तुमची रोजची पिवळी पिशवी जिथे जाते, ती भट्टी कायद्यानुसार व्यवस्थित चालत असूनही केमोच्या कचऱ्याला पुरी पडेलच असे नाही. म्हणून अर्जाआधी केंद्राला लेखी विचारा: पेशीनाशक कचरा तुम्ही घेता का, आणि घेत असाल तर 1200 अंशांवर स्वतः जाळता की धोकादायक कचऱ्याच्या केंद्राकडे पाठवता? उत्तर लेटरहेडवर घ्या. ‘हो हो, सगळं नेतो’ हे गाडीवाल्याचे उत्तर कागदावर चालत नाही. त्यांचा नकार आला तर पुरवठादाराशी परतीचा करार करा, किंवा तळोजा, रांजणगावसारख्या धोकादायक कचऱ्याच्या केंद्राकडे चौकशी करा.

अर्ज आणि कागदपत्रे

महाराष्ट्रात अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑनलाइन पोर्टलवर होतो. इतर राज्यांत तिथल्या मंडळाकडे जायचे; नियम देशभर एकच आहेत. जुन्या प्राधिकारपत्राचा क्रमांक, जल व वायू कायद्यांखालच्या संमतीची स्थिती, शुश्रूषागृह नोंदणीचे प्रमाणपत्र, खाटांची संख्या, ठिकाणाचे जीपीएस अक्षांश-रेखांश, सामाईक केंद्राशी झालेला करार आणि वर सांगितलेले पत्र एवढे हाताशी ठेवा. संमतीचे शुल्क भांडवली गुंतवणुकीवर ठरते, तेव्हा सीएचे प्रमाणपत्रही लागते. पूर्ण भरलेल्या अर्जावर मंडळाने 90 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. न दिल्यास प्राधिकारपत्र मिळाले असे मानले जाते. पण ‘पूर्ण भरलेल्या’ हा शब्द लक्षात ठेवा. त्रुटी निघाली की हा हिशेब तुमच्या बाजूने राहत नाही.

फॉर्ममधला सर्वांत अवघड रकाना म्हणजे कचऱ्याचे प्रमाण. केमो सुरूच झाली नसेल तर आकडा आणायचा कुठून? मी एक साधा उपाय सुचवतो. एका रुग्णाच्या डोससाठी लागणारे सगळे सामान, म्हणजे रिकाम्या व्हायल, सिरिंज, सलाइनची रिकामी पिशवी, आयव्ही सेट, हातमोज्यांचे जोड, गाऊन आणि शोषक पॅड, एका पिशवीत घालून काट्यावर ठेवा. समजा 900 ग्रॅम भरले आणि महिन्याला 40 डोस द्यायचे आहेत, तर महिन्याचे 36 किलो, म्हणजे दिवसाला साधारण सव्वा किलो. सांडलेले आणि उरलेले औषध धरून थोडे वाढवून लिहा. अंदाजाने ठोकलेला आकडा वर्षअखेर रोजच्या नोंदींशी जुळत नाही, आणि तपासणीत पहिला प्रश्न तिथेच निघतो.

कोणी हाताळायचे

औषध तयार करणारा नोंदणीकृत औषधनिर्माता असावा, किंवा खास प्रशिक्षण घेतलेली नोंदणीकृत परिचारिका. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला रुजू होताना आणि त्यानंतर वर्षातून एकदा तरी प्रशिक्षण देणे नियमाने बंधनकारक आहे, तसेच हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लसही. सफाई कर्मचारी यात आले, कंत्राटी मावशी-मामाही आले. गरोदर, स्तनपान देणाऱ्या किंवा गर्भधारणेच्या प्रयत्नात असलेल्या व्यक्तीला हे काम नको, आणि ही सवलत तिने मागायची वेळ येऊ नये. ड्युटी लावतानाच विचारा.

एका डोसचा प्रवास

स्तनाच्या कर्करोगाची नेहमीची जोडी घेऊ: डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड. पहिल्याचा डोस दर चौरस मीटरला 60 मिलिग्रॅम. रुग्णाचे शरीरक्षेत्र 1.5 चौरस मीटर असेल तर 90 मिलिग्रॅम. व्हायल 50 मिलिग्रॅमची, 25 मिलीत. म्हणजे दोन फोडायच्या, 45 मिली घ्यायचे, 5 मिली उरतात. हे उरलेले 5 मिलीच पुढचा प्रश्न आहेत. सिंकमध्ये ओतणे हे सोपे आणि पूर्ण चुकीचे उत्तर. ते व्हायलमध्येच राहू द्यायचे आणि व्हायल बंद करून पेशीनाशक कचऱ्यात टाकायची.

मिसळण्याचे काम बाहेर हवा सोडणाऱ्या बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच करायचे. आडव्या प्रवाहाचे लॅमिनार टेबल चालत नाही, कारण ते हवा काम करणाऱ्याच्या तोंडावर सोडते: औषध निर्जंतुक राहते, माणूस नाही. आत पावडर नसलेले दोन जोड हातमोजे घालायचे आणि बाहेरचा जोड अर्ध्या तासाने बदलायचा. गाऊन पुढून बंद, लांब बाह्यांचा आणि पाणी न शोषणारा हवा. सिरिंज फिरवून बसणारी, म्हणजे ल्युअर-लॉक, आणि तीन-चतुर्थांशपेक्षा जास्त भरायची नाही, नाहीतर दट्ट्या मागून सुटतो. व्हायलमध्ये हवा दाबून भरू नका. सुई काढताना तीच हवा औषधाचा सूक्ष्म फवारा बाहेर टाकते.

सेटमधली हवा औषध मिसळण्याआधी साध्या सलाइनने काढा. वॉर्डात औषध भरलेल्या सेटमधली हवा काढू नका. थेंब पडतो तो चादरीवर, हातावर, बेडच्या कठड्यावर. पिशवी वॉर्डात नेताना गळणार नाही अशा बंद डब्यात न्या आणि त्यावर पेशीनाशक असल्याचे लेबल लावा.

डोस संपल्यावर सेट आणि पिशवी वेगळे करू नका, तसेच्या तसे पेशीनाशक पिवळ्या पिशवीत टाका. घोळ नेमका इथे होतो. नेहमी सेट आणि सिरिंज लाल पिशवीत आणि व्हायल निळ्या डब्यात जातात, ही सवय अंगवळणी पडलेली असते. पण लाल पिशवीचे सामान ऑटोक्लेव्ह होऊन, तुकडे होऊन पुनर्वापराला जाते. ऑटोक्लेव्हने जंतू मरतात, औषध नाही. निळ्या गटाच्या व्याख्येतही पेशीनाशक लागलेली काच स्पष्टपणे वगळली आहे. सुई कटरमध्ये तोडू नका. ती सिरिंजसकट लेबल लावलेल्या, न टोचणाऱ्या डब्यात टाका. पिवळ्या पिशव्या दोन ठिकाणी वेगळ्या ठेवा आणि एकीवर चौथ्या अनुसूचीतले पेशीनाशक चिन्ह लावा. रंग एकच असल्याने हे लेबल हीच खरी ओळख. नियमाने रक्त किंवा शरीरस्राव लागलेला, न प्रक्रिया केलेला कचरा 48 तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, म्हणून केमोचे दिवस गाडीच्या फेऱ्यांशी जुळवून घ्या.

एक गोष्ट राहते: रुग्णाची लघवी. डोसनंतर साधारण 48 तास बेडपॅन हाताळताना हातमोजे आणि गाऊन हवेत, झाकण लावून दोनदा फ्लश करायचे आणि डायपर पेशीनाशक पिशवीत टाकायचा. डॉक्सोरुबिसिनने लघवी लालसर होते. नातेवाइकांना आधी सांगा, नाहीतर रात्री दोनला फोन येतो.

सांडले तर

समजा वॉर्डात ही 25 मिलीची व्हायल हातातून निसटून फुटली. 5 मिलीच्या आतले सांडणे लहान, वरचे मोठे धरतात. हे मोठे आहे. एक जण थांबेल, बाकीच्यांनी दूर जावे, पंखा बंद करावा, फलक लावावा. ज्याच्या अंगावर उडाले त्याने कपडे काढून साबण-पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले असेल तर 15 मिनिटे पाणी सोडत राहावे. मग किट उघडायचे. दोन जोड हातमोजे, गाऊन, गॉगल, श्वसन मास्क आणि बुटांचे कव्हर चढवायचे, त्यानंतरच खाली वाकायचे.

शोषक पॅड कडेपासून मध्याकडे टाकत या; मधून सुरू केले की डबके पसरते. काच प्लास्टिकच्या सुपलीने उचला, हाताने नाही. औषध पावडर असेल तर कोरडे झाडू नका, ओला पॅड अलगद वर ठेवा. मग डिटर्जंटने तीनदा आणि शेवटी साध्या पाण्याने पुसा. स्पिरिट वापरू नका, ते औषध नष्ट न करता पसरवते. वॉर्डाचा पोछा आणि बादलीही नको, कारण तीच पुढच्या खोलीत जाते. वापरलेले सगळे पेशीनाशक पिशवीत.

डॉक्सोरुबिसिन लाल असल्याने डाग दिसतो, म्हणून पुसले गेले की नाही ते कळते. सायक्लोफॉस्फामाइड रंगहीन असते. तेच सांडले तर फरशी स्वच्छ दिसली म्हणून काम संपले असे समजू नका. डोळ्यांना दिसले त्याहून हातभर मोठा भाग पुसा.

एका रुग्णालयात मी सांडल्याची नोंदवही मागितली, तर ती तीन वर्षे कोरी होती. त्याच वॉर्डात किटमधले हातमोजे मात्र वापरून संपलेले होते. तारीख, औषध, अंदाजे मिली, कोण उपस्थित होते आणि काय केले, एवढ्या पाच ओळी पुरतात. नोंदी 5 वर्षे जपायच्या असतात. अशा लहान घटना वार्षिक अहवालात, म्हणजे फॉर्म ४ मध्ये, दरवर्षी 30 जूनपूर्वी येतात. गाडी उलटणे किंवा कचरा पाण्याच्या स्रोतात जाणे अशी मोठी दुर्घटना झाली तर मंडळाला लगेच कळवायचे आणि 24 तासांत फॉर्म १ मध्ये लेखी अहवाल द्यायचा.

अर्जासोबत ही सांडण्याची कार्यपद्धती आणि लेबल लावलेल्या पिशव्या ठेवायची जागा दाखवणारा नकाशा जोडा. तपासणी अधिकारी आले की त्यांना नकाशा घेऊन आधी त्या खोलीत न्या, कॅबिनमध्ये नंतर.