गोदामात साठ, द्यायला पंधरा

बार्शीचे एक डीलर एकदा थेट आमच्या गोदामात शिरले. मी तेव्हा कोल्हापूरच्या एमआयडीसीतल्या एका पंपांच्या कारखान्यात प्लॅनिंगला होतो. पाच एचपीचे तीस पंप त्यांना हवे होते, आणि सेल्सच्या पोराने फोनवर "सध्या पंधराच मिळतील" असं सांगितलं होतं. हे स्वतः आले, एकावर एक रचलेली खोकी मोजली आणि माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. "साहेब, साठ खोकी माझ्या डोळ्यांनी मोजली. कुणासाठी दाबून ठेवलीत?"

त्यांचा राग मला कळत होता, कारण हा गैरसमज सगळ्यांचाच असतो. वस्तू दिसते म्हणजे ती द्यायला मोकळी आहे, असं आपण धरून चालतो. एसटीत चढणाऱ्याला मात्र हे बरोबर कळतं. सीट रिकामी दिसते, पण तिच्यावर रुमाल पडलेला असतो. आमच्या साठ खोक्यांपैकी पंचेचाळीस खोक्यांवर असेच रुमाल होते, फक्त ते कागदावर होते.

रुमाल वगळून उरलेल्या मालाच्या आकड्याला कारखान्यांत 'अव्हेलेबल टू प्रॉमिस' म्हणतात, बोलताना नुसतं एटीपी. अमेरिकेत १९५७ साली सुरू झालेल्या ॲपिक्स या उत्पादन-नियोजनवाल्यांच्या संघटनेने त्याची केलेली व्याख्या साधी आहे: हातातला साठा आणि ठरलेलं उत्पादन यांतला कुणालाही न कबूल केलेला भाग. व्याख्या वाचून वाटतं, ही तर शाळेतली वजाबाकी. वजाबाकीच आहे, पण ती कुठून कुठपर्यंत करायची यात सगळी मजा आहे.

त्या दिवशीचा तक्ताच मांडतो. पाच एचपीचं मॉडेल आम्ही रोज बनवत नव्हतो. त्याच लाइनवर बाकीची मॉडेलंही असायची, म्हणून हा पंप शंभराच्या लॉटमध्ये निघायचा. पुढचा लॉट तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी यायचा होता, त्यानंतरचा सहाव्या आठवड्यात. हातात साठ. 'कबूल ऑर्डरी' या ओळीत त्या-त्या आठवड्यात पाठवायचे, तारीख देऊन झालेले पंप आहेत.

| आठवडा | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ | ७ | ८ |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| नवा लॉट | – | – | १०० | – | – | १०० | – | – |
| कबूल ऑर्डरी | २५ | २० | ४० | ३० | १० | ३५ | १५ | ० |
| एटीपी | १५ | – | २० | – | – | ५० | – | – |

एटीपीची ओळ सगळ्या रकान्यांत भरलेली नाही, ती फक्त माल येतो तिथेच आहे. दुसऱ्या आठवड्यात नवं काही येत नाही, म्हणजे त्या आठवड्यातल्या वीस पंपांची सोयही आजच्या साठांतूनच व्हायला हवी. म्हणून पहिल्या रकान्याचा हिशेब पुढचा लॉट येईपर्यंतच्या सगळ्या ऑर्डरी धरून होतो: साठमधून पंचवीस आणि वीस गेले, उरले पंधरा. तिसऱ्या आठवड्यातल्या शंभरांना सहावा आठवडा उजाडेपर्यंत पुरायचं आहे, म्हणून चाळीस, तीस आणि दहा वजा, उरले वीस. सहाव्याचे तसेच पन्नास. गावाला टँकर दर तिसऱ्या दिवशी येत असेल, तर आजच्या हंड्यातून परवापर्यंतचं पाणी बाजूला काढूनच शेजारणीला द्यावं लागतं, तसंच हे.

बार्शीकरांना त्या दिवशी तीस दिले असते तर काय झालं असतं? त्या आठवड्यात काहीच बिघडलं नसतं. उरलेल्या तिसांतून पहिल्या आठवड्याचे पंचवीस व्यवस्थित गेले असते आणि पाच शिल्लक राहिले असते. दुसऱ्या आठवड्यात वीस हवे असताना हातात पाच. पंधरा पंपांची बोंब उठली असती, ती भलत्याच कुणाच्या तरी दारात, आणि तिचं कारण दहा दिवसांपूर्वी 'गिऱ्हाइकाला खूश केलं' या कौतुकात दडून गेलं असतं. चूक एका ठिकाणी आणि शिव्या दुसरीकडे. तारखा चुकवणाऱ्या कारखान्यांत मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. ती थोडी सावकाश वाचा, कारण माझ्या हाताखाली शिकायला आलेली पोरं इथेच अडखळायची.

समजा बार्शीकर म्हणाले, "तुकडे नकोत, तीसही एकदम द्या." मग तारीख तिसऱ्या आठवड्याची. पहिल्या रकान्यातले पंधरा आणि तिसऱ्यातले वीस मिळून पस्तीस होतात, त्यात तीस बसतात. पण ते तीस कुठल्या रकान्यातून खोडायचे? सरळ मनाचा माणूस पहिल्यापासून सुरू करतो: आधी पंधरा इथून, मग पंधरा तिथून. उरतात पहिल्यात शून्य आणि तिसऱ्यात पाच. अनुभवी माणूस उलटा चालतो. माल तिसऱ्या आठवड्यात जायचा आहे ना, मग आधी त्याच रकान्यातले वीस घ्यायचे आणि कमी पडतील तेवढे दहाच मागच्या रकान्यातून उचलायचे. उरतात पहिल्यात पाच आणि तिसऱ्यात शून्य.

दोन्हीकडे शिल्लक पाचच. पण उद्या सकाळी कुणी पाच पंप मागायला आला, तर पहिल्या पद्धतीत त्याला दोन आठवडे थांबायला सांगावं लागतं आणि दुसऱ्या पद्धतीत लगेच गाडी भरता येते. कारण साधं आहे. आज हातात असलेला पंप आज देता येतो आणि महिन्याने सुद्धा, पण महिन्याने तयार होणारा पंप आज देता येत नाही. लवकरचा माल कुठेही चालतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी हात लावायचा.

हीच उलटी चाल खड्डे बुजवायलाही लागते. समजा सातव्या आठवड्यात आणखी साठ पंपांची एक ऑर्डर नोंदायची राहून गेली होती. मग शेवटच्या रकान्यात शंभरातून एकशेदहा जातात आणि एटीपी उणे दहा येतो. तिथे नुसतं शून्य लिहून गप्प बसायचं नाही. ते दहा मागच्या रकान्यातून, म्हणजे तिसऱ्यातल्या विसांतून, बाजूला काढायचे आणि तिथे दहाच शिल्लक दाखवायची. हे केलं नाही तर तेच दहा पंप दोनदा विकले जातात.

नवशिक्यांची आणखी एक चूक सांगतो. प्लॅनिंगच्या कागदावर विक्रीच्या अंदाजाचीही ओळ असते. उत्पादन किती करायचं हे अंदाजावर ठरतं, पण एटीपी काढताना तो वजा करायचा नसतो. अंदाजापोटी बनवलेले पंप ज्याच्यासाठी बनवले तोच गिऱ्हाईक दारात उभा आहे, आणि त्यालाच "माल राखीव आहे" म्हणून परत पाठवायचं, असा तो प्रकार होतो.

हिशेब कितीही चोख असला तरी आकडा खोटा पडायच्या वाटा बऱ्याच. दोन सेल्सवाले अकरा वाजता तेच पंधरा पाहतात, दोघेही फोनवर 'हो' म्हणतात आणि ऑर्डर संध्याकाळी नोंदवतात. म्हणून शब्द दिला त्याच क्षणी आकडा खाली यायला हवा, निदान दोन दिवसांपुरता तरी. टेस्टिंगला अडकलेले पंपही कधी कधी साठ्यात मोजले जातात. सगळ्यात फसवी वाट सॉफ्टवेअरमधली आहे. 'हे मॉडेल नव्याने बनवायला ४५ दिवस लागतात' असं एकदा भरून ठेवलं, की काही सिस्टिम ४५ दिवसांपुढच्या कुठल्याही मागणीला डोळे झाकून होकार देतात. तोवर काहीही बनवता येईल, असं त्यामागचं गृहीतक. कास्टिंग मिळायलाच साठ दिवस लागायला लागले आणि तो आकडा कुणी बदलला नाही, तर लांबच्या सगळ्या तारखा हवेत. भिंतीवर रंगीत डॅशबोर्ड लावून 'स्मार्ट फॅक्टरी' म्हणवणाऱ्यांना मी आधी हेच विचारतो, की तो ४५ शेवटचा कधी तपासला?

अमावास्येचीही एक गंमत आहे. आमचा ट्रान्सपोर्टवाला त्या दिवशी गाडी भरायचा नाही. चंद्र दिसत नाही म्हणून पंपाचा इंपेलर उलटा फिरत नाही, हे मी त्याला दोन वर्षं समजावलं. शेवटी हरलो आणि सिस्टिमच्या कॅलेंडरमध्ये अमावास्येला डिस्पॅचची सुट्टी टाकली. श्रद्धा खोटी असली तरी न सुटलेली गाडी खरी असते. त्यानंतर त्या एका दिवसापायी तारखा चुकणं थांबलं.

तारखा पाळल्या जातात की नाही हे तपासताना एक पथ्य पाळा. माल निघालेला दिवस पहिल्यांदा दिलेल्या तारखेशी ताडून बघा. बऱ्याच ठिकाणी उशीर व्हायला लागला की सिस्टिममधली तारीखच पुढे ढकलतात, आणि मग महिनाअखेरच्या रिपोर्टात सगळं 'वेळेवर' दिसतं.

बार्शीकरांना मी तक्ता दाखवला. त्यांनी शिवाजी पुलाजवळच्या एका टपरीत चहा पाजायला लावला आणि पंधरा आज, पंधरा तिसऱ्या आठवड्यात, असं कबूल केलं. पहिल्या रकान्यात शून्य राहिले, तिसऱ्यात पाच.

तिसऱ्या आठवड्याचा लॉट आला तो ९२ चा. आठ कास्टिंगमध्ये ब्लोहोल निघाले, म्हणजे ओतकामात हवा अडकून पडलेली भोकं, आणि फाउंड्रीने ती बदलून द्यायला वेळ मागितला. पाचाचे झाले उणे तीन. मागे शून्य, तिथून उचलायला काही नाही. म्हणजे सहाव्या आठवड्याच्या आत कुणाला तरी तीन पंप कमी पडणार, हे त्या सोमवारीच कागदावर दिसलं. गोदामात तेव्हा ९२ खोकी होती आणि सेल्सचं पोरगं खुशीत होतं.

पाचव्या आठवड्यात जतच्या एका डीलरना दहा जायचे होते. त्यांना मी त्याच दिवशी फोन लावला. सात ठरल्या दिवशी मिळतील, तीन आठवडाभर उशिरा, सहाव्या आठवड्याच्या लॉटमधून. तिकडच्या पन्नासांतून तीन खोडून सत्तेचाळीस लिहिले.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "तीनच नव्हं? आत्ताच सांगिटलंसा, बरं झालं. शेतकऱ्याला पुढची तारीख देतो."