हापूसच्या सॉर्बेमध्ये साखर नेमके काय करते?

'साखर अजिबात नको, फक्त फळाचा गर गोठवा' अशा सॉर्बेच्या पाककृती सध्या आरोग्याच्या नावाखाली मोठ्या प्रमाणावर फिरत आहेत. मिक्सरमधून काढल्याबरोबर खाल्ला तर हा पदार्थ बरा लागतो, पण रात्रभर फ्रीजरमध्ये राहिला की त्यात चमचाही शिरत नाही. साखरेऐवजी स्टीव्हियाचे थेंब घातले तरी तेच होते. यावरून लक्षात येते की सॉर्बेमधली साखर केवळ गोडीसाठी नसते; किती पाणी गोठावे आणि किती द्रव राहावे, हे तीच ठरवते.

शुद्ध पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठते आणि साखर विरघळली की हा गोठणबिंदू खाली जातो, एवढे आपण शाळेत शिकलेलो असतो. त्यापुढची गोष्ट अधिक सुंदर आहे. साखरेचे पाणी गोठू लागते तेव्हा बर्फाच्या स्फटिकात केवळ पाण्याचे रेणू जातात आणि साखर बाहेरच्या द्रवात मागे राहते. त्यामुळे उरलेला पाक अधिक दाट होतो, त्याचा गोठणबिंदू आणखी उतरतो आणि पुढचा बर्फ होण्यासाठी आणखी थंडी लागते. प्रत्येक तापमानाला पाकाचा असा एक दाटपणा ठरलेला असतो, जिथे बर्फ होणे थांबते. उणे साडेसात अंशांच्या आसपास पाकात साखर आणि पाणी साधारण समसमान असतात.

आता एक किलो मिश्रण घेऊ आणि हिशेब सोपा राहावा म्हणून फळातला चोथा बाजूला ठेवू. मिश्रणात २७० ग्रॅम साखर असेल तर उणे साडेसात अंशांना ती जवळजवळ २७० ग्रॅम पाणी द्रवरूपात धरून ठेवते आणि उरलेल्या ४६० ग्रॅम पाण्याचा बर्फ होतो. साखर निम्मी, म्हणजे १३५ ग्रॅम केली, तर बर्फ ७३० ग्रॅमवर जातो आणि भांड्यात दगड तयार होतो. साखर ४०० ग्रॅम केली तर बर्फ फक्त २०० ग्रॅम होतो, आणि कितीही फिरवले तरी हाती गारेगार पाकच लागतो. म्हणूनच २५ ते ३० टक्के साखर हा सॉर्बेचा सोयीचा पट्टा आहे.

यात फळाची स्वतःची साखरही मोजावी लागते. पिकलेल्या हापूसच्या गरात ती साधारण १८ टक्के धरली, तर ६०० ग्रॅम गरातून १०८ ग्रॅम साखर मिळते. त्यात १६० ग्रॅम साखर, २२० ग्रॅम पाणी आणि २० ग्रॅम लिंबाचा रस घातला की एक किलो मिश्रणात सुमारे २७ टक्के साखर होते. लिंबाच्या किंवा संत्र्याच्या गाळलेल्या रसासाठी जुनी युक्ती अशी, की ताजे, धुतलेले अंडे कवचासकट त्यात सोडावे. ते बुडाले तर साखर कमी आहे, आणि रुपयाच्या नाण्याएवढे टोक वर ठेवून तरंगले तर ती जवळपास पुरेशी आहे. आंब्याच्या दाट गरात मात्र या परीक्षेवर विसंबू नये. तिथे वजनकाटाच हवा.

मिश्रण फ्रिजमध्ये रात्रभर गार करून मगच हाताने फिरवायच्या पॉटमध्ये ओतावे, आणि ते फुगणार असल्याने डबा दोन तृतीयांशच भरावा. भोवती बारीक फोडलेला बर्फ आणि खडे मीठ यांचे थर द्यावेत. पाच किलो बर्फाला साधारण एक किलो मीठ पुरते. मीठ थंडी 'निर्माण' करते हा समज चुकीचा आहे. मिठामुळे बर्फ शून्याच्या बऱ्याच खालीही वितळत राहतो, आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता तो डब्यातल्या मिश्रणातून ओढून घेतो. खाली साठणारे खारे पाणी म्हणूनच लगेच ओतून देऊ नये, कारण ते डब्याला सर्व बाजूंनी भिडते. ते झाकणापर्यंत मात्र चढू देऊ नये.

पहिला बर्फ डब्याच्या भिंतीवर धरतो. आतले पाते तो खरवडून मिश्रणात ढकलते आणि त्या बारीक कणांभोवती पुढचा बर्फ वाटला जातो. असंख्य लहान स्फटिक झाले तर जिभेला ते वेगळे जाणवत नाहीत. थोडेच मोठे झाले तर सॉर्बे कचकच लागते. भिंतीवर कडक थर आणि मध्ये पातळ रस दिसला, तर हँडल फारच सावकाश फिरते आहे असे समजावे. अर्ध्या तासाच्या सुमारास हँडल जड होते आणि मिश्रण श्रीखंडासारखे पात्याला धरून राहते, तेव्हा थांबावे, झाकणावरचे खारे पाणी पुसून मगच ते उघडावे आणि सॉर्बे उथळ डब्यात भरून तीन-चार तास फ्रीजरमध्ये ठेवावे. तिथे उणे १८ अंशांना ते आणखी घट्ट होते, म्हणून वाढण्याआधी दहा मिनिटे बाहेर काढावे.

फ्रीजर वारंवार उघडला की लहान स्फटिक वितळतात आणि त्यांचे पाणी मोठ्या स्फटिकांवर जाऊन गोठते, त्यामुळे चार-सहा दिवसांत मऊपणा कमी होतो. असे खरखरीत झालेले सॉर्बे फ्रिजमध्येच पूर्ण वितळवून पुन्हा पॉटमध्ये फिरवता येते; साखरेचे प्रमाण तेच असल्यामुळे ते पुन्हा मऊ होते.