‘टास्मानिया मी खाल्ला’: धागा पुढे नेणारं उत्तर आणि परतवलेला टोला

जानेवारीत एका मैत्रिणीने इन्स्टाग्रामवर पोळीचा फोटो टाकला. पोळी गोल नव्हती. वरच्या कडेला एक खोल खाच होती, खाचेच्या उजवीकडे एक टोक वर निघालं होतं आणि डावी बाजू चांगलीच फुगीर होती. फोटोखाली तिने लिहिलं, ‘आज ऑस्ट्रेलिया जमला. उद्या न्यूझीलंड, दोन तुकड्यांत.’

पाच मिनिटांत पहिली कमेंट आली, ‘टास्मानिया कुठे गेला?’ तिने उत्तर दिलं, ‘तव्यावरून उतरवताना मी खाल्ला.’ मग कॉलेजमधल्या एका मित्राने लिहिलं, ‘लग्नाला चार वर्षं झाली तरी पोळी गोल नाही?’ त्याला तिचं उत्तर गेलं, ‘तुझ्या हातचा चहा प्यायलोय आम्ही, तू बोलू नकोस.’

दोन्ही उत्तरं चटकन सुचलेली होती, दोन्हींवर हसण्याच्या इमोजी पडल्या, आणि कुणीही या दोन्हींना हजरजबाबीपणाच म्हणेल. पण संध्याकाळपर्यंत टास्मानियाच्या खाली बरीच मंडळी गोळा झाली होती. कुणी विचारत होतं, तिथले प्राणीही खाल्लेस का, तर कुणी होडी पाठवायला निघालं होतं. चहाच्या उत्तराखाली मात्र दोघांनी ‘खल्लास’ लिहिलं आणि तिथे सगळं थांबलं. वरवर जुळी दिसणारी ही उत्तरं दोन वेगळी कामं करतात. पहिल्याला मी धागा म्हणते, दुसऱ्याला टोला.

धागा म्हणजे कॅप्शनने जे खोटं जग मांडलं आहे, त्यातच उभं राहून दिलेलं उत्तर. इथे ते जग एवढंच आहे, की ताटातली पोळी हा खरोखरचा ऑस्ट्रेलिया आहे. टास्मानिया विचारणाऱ्या मैत्रिणीने ते मान्य केलं आणि नकाशातली एक उणीव दाखवली, ऑस्ट्रेलियाच्या खालचं ते बेट पोळीत नव्हतं. उत्तर देणारीनेही ते मान्य केलं आणि उणिवेचं कारण स्वयंपाकघरातलं दिलं. नकाशा आणि तवा एकाच वाक्यात आले म्हणून ते चाललं. नुसतं ‘समुद्रात बुडाला’ लिहिलं असतं तर नकाशा राहिला असता, पोळी गेली असती. ‘तुकडा तुटला गं’ म्हटलं असतं तर पोळी राहिली असती, नकाशा गेला असता. या विनोदाला दोन टोकं आहेत आणि धाग्याच्या उत्तरात ती दोन्ही हातात असावी लागतात.

टोल्यात उत्तर कॅप्शनला नसतं, माणसाला असतं. मित्राने तिच्या स्वयंपाकावर बोट ठेवलं, तिने त्याच्या चहावर ठेवलं. ऑस्ट्रेलिया तिथे कुठेच नाही. वाईट वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण पोस्टचा विषय बदलला. आधी सगळे मिळून पोळीकडे बघत होते, आता सगळे त्या दोघांकडे बघू लागले.

ओळखायची सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे कॅप्शन झाकून उत्तर वाचायचं. ‘तुझ्या हातचा चहा प्यायलोय आम्ही’ हे वाक्य कुठल्याही फोटोखाली, कुठल्याही मित्राला चालेल. ‘तव्यावरून उतरवताना मी खाल्ला’ हे कॅप्शनशिवाय निरर्थक आहे. जे उत्तर कॅप्शनविना जगूच शकत नाही, ते धाग्याचं. दुसरी खूण तिसऱ्या माणसाची. उत्तर लिहून पाठवण्याआधी विचारायचं, की या संभाषणात नसलेल्या एखाद्याला यावर पुढे काय लिहिता येईल? टास्मानिया खाल्ल्यावर तिसऱ्याला दहा गोष्टी सुचतात. चहाच्या टोल्यावर तिसऱ्याला फक्त कुणाची तरी बाजू घेता येते, किंवा टाळ्या वाजवता येतात.

हे दोन्ही एकमेकांत मिसळतात त्याचं मुख्य कारण हसण्याची इमोजी. ती दोन्हीकडे सारखीच पडते, त्यामुळे लिहिणाऱ्याला वाटतं की दोन्ही सारखंच जमलं. जेनिफर हे नावाच्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी विनोदाला लोक दाद कशी देतात यावर 2001 साली एक शोधनिबंध लिहिला. मित्रमैत्रिणींच्या गप्पांत हसणं हा दाद देण्याचा एकच मार्ग नसतो. समोरच्याच्या विनोदात आपली भर घालणं हीसुद्धा दादच असते, असं त्या दाखवतात. दाद देताना हा विनोद आहे हे ओळखलं, तो समजला आणि तो आवडला, अशा तीन गोष्टी आपण कळवत असतो, हा त्यांचा मुद्दा मला इथे फार उपयोगी वाटतो. टास्मानियाच्या प्रश्नाला नुसती इमोजी टाकली असती तर आवडल्याचं कळलं असतं, पण समजल्याचा पुरावा मिळाला नसता. ‘मी खाल्ला’ या दोन शब्दांत तिन्ही आले. कमेंट करणारीने नकाशा आठवून, कोपऱ्यातलं बेट हुडकून प्रश्न विचारला होता आणि ती मेहनत वाया गेली नाही.

आता खरी अडचण. टास्मानियासारखी कमेंट आली की धाग्याचं उत्तर आपसूक सुचतं, कारण समोरच्यानेच टोक हातात दिलेलं असतं. टोमणा आला की हात आपोआप टोल्याकडे जातो. म्हणून त्या मित्राची कमेंट पुन्हा घेऊ: ‘लग्नाला चार वर्षं झाली तरी पोळी गोल नाही?’ या वाक्यात लग्न आहे, चार वर्षं आहेत, पोळी आहे आणि गोल हा शब्द आहे. लग्न आणि वर्षं या शब्दांना उत्तर द्यायला गेलं की आपण कॅप्शनबाहेर पडलोच. पण गोल हा शब्द पोळीचा आहे तसाच भूगोलाचाही आहे. तो धरला तर उत्तर मिळतं: ‘पृथ्वी गोल असते. तिच्यावरचे देश नसतात.’

तिने हेच नंतर एका दुसऱ्या टोमण्याला लिहिलं. त्यात सारवासारव नाही, माघार नाही आणि समोरच्याचं काही काढलेलंही नाही. टोमण्यातला मुद्दा मात्र पुरता खोडला गेला, कारण गोल नसणं हीच नकाशाची खूण ठरली. लगेच एकीने सुचवलं, ‘डब्याचं झाकण ठेवून काप, होईल गोल.’ त्यावर तिचं उत्तर: ‘किनाऱ्याला सीआरझेड लागतो, काही कापता येत नाही.’ कोकणात आणि गोव्यात ज्यांच्या घराची भिंत किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या या नियमात अडकली आहे ते लोक तिथून पुढे आले, आणि पोस्ट आणखी एक दिवस चालली.

तेव्हा टोमणा आला की त्यातला कुठला शब्द आपल्या कॅप्शनच्या जगातही राहतो ते शोधायचं. असा शब्द जवळजवळ नेहमी असतो. ‘सिडनी करपलंय’ अशी एक कमेंट होती. खरं तर तीही स्वयंपाकावरचीच टीका, पण लिहिणाऱ्याने ती नकाशाच्या भाषेत केली होती. उत्तर गेलं, ‘तिथे सध्या उन्हाळा आहे.’ जानेवारीत तो असतोच. धाग्यातली माहिती खरी असली की विनोद जास्त टिकतो. जुलैत हेच उत्तर दिलं असतं तर कुणीतरी तिथल्या हिवाळ्याची आठवण करून दिली असती आणि सगळा वेळ दुरुस्तीत गेला असता.

मोठ्या माणसांचं थोडं वेगळं. तिच्या आत्याबाईंनी मनापासून लिहिलं, ‘कणीक सैल झालीये बाळा. घट्ट मळ आणि अर्धा तास झाकून ठेव.’ त्यांना विनोद दिसलाच नव्हता, किंवा दिसूनही त्यांना पोळीची काळजी जास्त होती. इथे टोल्याचा प्रश्नच येत नाही, पण सरळ धाग्याचं उत्तर दिलं तरी त्यांना आपली थट्टा झाल्यासारखं वाटू शकतं. तिने आधी सल्ला घेतला, मग धागा जोडला: ‘हो आत्या, उद्या घट्ट मळते. किनारपट्टी तरी नीट येईल.’ क्रम उलटा झाला असता तर दुसरं वाक्य आत्याबाईंच्या वाट्याला उडवाउडवी म्हणून आलं असतं.

इन्स्टाग्रामवर उत्तरं मूळ कमेंटच्या खाली घडी घालून ठेवलेली असतात आणि ज्याला वाचायची त्याला ती उघडावी लागतात. म्हणून प्रत्येक उत्तर कॅप्शन आणि त्याच्यावरची एक कमेंट एवढ्यावरच कळलं पाहिजे. सीआरझेडची गंमत टास्मानियाच्या घडीत जाऊन सांगितली तर तिथल्या वाचणाऱ्याला काही कळणार नाही. शिवाय एकच उत्तर तीन ठिकाणी द्यायचं नाही. पर्थ कुठे, डार्विन कुठे, असे टास्मानियासारखेच प्रश्न पुढे येत राहिले, तिथे तिने नुसतं हृदय टाकलं. सगळ्या घड्या उघडून वाचणाऱ्याला ‘तेही मी खाल्लं’ दुसऱ्यांदा दिसलं की पहिल्याचीही चव जाते. एखाद्या मित्राची कमेंट आपल्या कॅप्शनपेक्षा सरस असेल तर तिला उत्तरच देऊ नये, ती पिन करून वर ठेवावी. तीनपर्यंत कमेंट पिन करता येतात.

टोला नेहमीच चुकीचा असतो असं मी म्हणणार नाही. ज्या फोटोखाली कॅप्शनचा विनोदच नाही, तिथे मोडायला काही नसतं. दोन मित्रांची वर्षानुवर्षांची एकमेकांना चिडवण्याची रीत सगळ्या वाचणाऱ्यांना ठाऊक असेल तर टोल्याची मजाही खरी असते. पण आपल्या पोस्टखाली ऑफिसातले लोक असतात, सासरचे असतात, शाळेतले असतात. त्यांना चहाची जुनी गोष्ट माहीत नसते. त्यांना फक्त एका माणसाचं जाहीर उणं दिसतं, आणि त्यावर पडलेला प्रत्येक लाइक त्या माणसाच्या विरुद्ध मोजला जातो. पोस्टची मालकीण आपण असतो, आपल्या बाजूला वजन आधीच जास्त असतं. चहाचं उत्तर वाचून त्या मित्राने हसण्याची इमोजी टाकली, पण पुढच्या दोन पोस्टवर तो काही बोलला नाही. त्याचं कारण हेच, असं मी ठामपणे म्हणू शकत नाही, पण तिला ते खटकलं. तिने त्याला वेगळा मेसेज केला आणि त्याच कमेंटखाली नव्याने लिहिलं, ‘न्यूझीलंडच्या वेळी लाटायला तू ये. दोन तुकडे तुझ्याकडून सहज होतील.’ हेही चिडवणंच आहे, पण आता तो नकाशाच्या आत आला. त्याने लगेच विचारलं, ‘उत्तरेचं बेट मी करू की दक्षिणेचं?’

तिसऱ्या दिवशी एका नव्या लग्न झालेल्या मुलीने त्याच पोस्टखाली लिहिलं, ‘ताई, माझीही अशीच होते. कणीक किती वेळ भिजवून ठेवता?’ त्या प्रश्नात ऑस्ट्रेलिया कुठेच नव्हता आणि तिला तो नकोही होता. मैत्रिणीने लिहिलं, ‘अर्धा तास, ओल्या फडक्याखाली. लाटी लाटताना कडेला जोर दे, मधे नको. पिठी थोडीच लाव.’